दिनकरचे पाहुणे

चाकणला कोणी फिरायला म्हणून जात नाही. निघताना शेजारच्या बाईंनी विचारलं, "तिथं काय बघण्यासारखं आहे हो?" मी म्हटलं, "माझ्या भावाची खोली आहे." दिनकर जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते.

दिनकर माझा धाकटा भाऊ. एकोणिसाव्या वर्षी परभणीकडचं आमचं गाव सोडून चाकणला गेला आणि अठ्ठावीस वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांत फिटर म्हणून राबला. लग्न केलं नाही. दिवाळीला दोन दिवस यायचा, तेही कधी कधी ओव्हरटाइममुळं चुकायचं. मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, पण माझा भाऊ कुठं राहतो, काय खातो, कुणासोबत बसतो हे बघायला एकदाही गेले नाही. पहिल्यांदा गेले ती त्याची खोली रिकामी करायला.

खरं सांगायचं तर खोली हे निमित्त होतं. मला दोन माणसांना भेटायचं होतं.

दिनकर सकाळच्या शिफ्टला निघता निघता छातीत कळ येऊन गेला. त्याला अँब्युलन्समधून घरी घेऊन आले ते दोघे परके. एक रफीकभाई, दिघीला गॅरेज असलेले. दुसरा सोमाय, झारखंडचा, दिनकरच्याच कंपनीत कंत्राटी कामाला. बारा तासांचा रस्ता, दोघं मागं दिनकरच्या उशापायथ्याशी बसून आले. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. बाहेरगावच्या माणसांचं जेवण शेजारी करतात, 'कडू घास' म्हणतात त्याला. त्या दिवशीही समोरच्या वाड्यात पंगत बसली. परभणीहून आलेले जेवले, सेलूहून आलेले जेवले. ते दोघे शाळेच्या पायरीवर बसून होते. थोरला दादा म्हणाला, "त्यांना म्हणावं आता निघा. कोण कुठले, जातपात माहीत नाही, पंगतीत कुठं बसवता?" मी दारात उभी होते. मी ऐकलं. मी काहीच बोलले नाही. रडत होते हे खरं, पण तेवढं एक वाक्य बोलता येणार नाही इतकी काही मी बेशुद्ध नव्हते.

दहावं झालं, तेरावं झालं. तेराव्याला दोनशे माणूस जेवलं. आणि त्या दिवशी वाढताना माझ्या लक्षात आलं, की माझ्या भावाला घरी आणणाऱ्यांना आम्ही पाण्याचा पेलासुद्धा दिला नव्हता.

दिघी

भोसरीला बसमधून उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. रफीकभाई स्कूटर घेऊन उभे. मी फोनवर फक्त "येतेय, खोली रिकामी करायची आहे" एवढंच सांगितलं होतं. माझ्या मनात एखाद्या लॉजमध्ये उतरायचं होतं. तसं म्हणाले तर त्यांनी माझी पिशवी उचलून स्कूटरच्या पुढं ठेवली आणि म्हणाले, "ताई, दिनकरभाऊची बहीण लॉजवर उतरली तर मी गल्लीत तोंड कसं दाखवू?"

दिघीत एका बाजूला लष्कराची लांबच लांब भिंत आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांना खेटलेल्या इमारती. रफीकभाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. ते मूळचे जालन्याचे, त्यामुळं बोलणं थेट आमच्याकडचं. एकदम घरच्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली.

मी बसल्या बसल्याच बोलायला सुरुवात केली. "रफीकभाई, त्या दिवशी आमच्याकडून..." त्यांनी हात वर केला. "आधी चहा. मग नाश्ता. मग झोपा. बाकीचं सगळं नंतर."

त्यांची बायको शमीमभाभी आतून म्हणाल्या, "तीन दिन तो पूछनेकाच नहीं हमारे में. मेहमान क्यों आया, कब जाएगा, कुछ नहीं."

ही त्यांच्यातली जुनी शिकवण. पहिला दिवस आणि रात्र पाहुण्याला घरातलं चांगल्यात चांगलं द्यायचं. तीन दिवसांपर्यंत तो त्याचा हक्कच. त्यानंतर द्याल ते दान समजायचं. आणि पाहुण्यानंही इतकं राहू नये की यजमान अडचणीत यावा, हेही त्यातच सांगितलेलं. मी आयुष्यभर फळ्यावर 'अतिथी देवो भव' लिहून घेतलं. त्या अतिथीला हक्क असतो आणि त्या हक्काला दिवसांची मोजदाद असते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला शिकवलं नव्हतं.

दुपारी जेवणाला खट्टी दाल, भात, वांग्याचं मसालेदार कालवण आणि गरम पोळ्या. कढई कोरी करकरीत होती, तळाशी दुकानाचं लेबल अर्धवट निघालेलं. दोन पातेली, झारा, सगळंच नवं. माझी नजर तिथं गेलेली भाभींनी पाहिली. हसून म्हणाल्या, "आपको चलता नहीं होगा ना, हमारे बर्तन में पकाया हुआ. इसलिए नया लाए." कुठलाही टोमणा नव्हता त्यात. वाऱ्यासाठी खिडकी उघडावी इतक्या सहज त्या बोलल्या. माझ्या मनात काय असेल ते त्यांनी आधीच ओळखून ठेवलं होतं आणि त्याबद्दल मला माफही करून टाकलं होतं.

जेवण झाल्यावर मात्र मी ऐकलं नाही. त्या दिवसाबद्दल हात जोडून माफी मागितली. रफीकभाईंनी माझे हात खाली केले.

"ताई, आता विषय काढलाच तर सांगतो. आम्हाला राग नव्हता. दुःखाच्या घरात कुणाचं लक्ष राहत नाही. फक्त सोमाय आंघोळ केल्याशिवाय काही खायला तयार नव्हता. मयताला हात लावलेला. तर गावाबाहेर एका मळ्यात मोटर चालू दिसली, तिथं थांबलो. दोघांनी अंगावर पाणी घेतलं. मळ्यातल्या बाईनं विचारलं, कोण तुम्ही? मी म्हटलं, तुमच्या गावच्या माणसाला पोचवून चाललो. ती आत गेली आणि भाकरी आणि ठेचा घेऊन आली. म्हणाली, गावच्या माणसाला आणलं, असं कसं उपाशी जाता."

कोण असेल ती? आमच्या गावाबाहेर तीन-चार मळे आहेत. मी अजून तिचा शोध घेतलेला नाही. तिच्यासमोर जायचा धीर होत नाही.

चाकणच्या अलीकडं

दुसऱ्या दिवशी मी आणि रफीकभाई मोशीमार्गे चाकणकडं निघालो. रस्त्यावर नव्या कोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर एकामागं एक अडकलेले, कंपन्यांच्या बसेस, दुचाक्यांवर डब्याच्या पिशव्या अडकवलेली माणसं. तासभर आम्ही जागचे हललो नाही. मग मुख्य रस्ता सोडून आत वळलो, आणि दोन पत्र्याच्या गोदामांमध्ये एकदम कोथिंबिरीचा हिरवागार तुकडा दिसला. त्याच्या पलीकडं आक्कांचं घर.

आक्का म्हणजे दिनकरची घरमालकीण. पंचाहत्तरीच्या, नऊवारी नेसलेल्या, कान तिखट. घराशेजारी भाड्याच्या चौदा खोल्यांची ओळ. त्यांनी मला खोलीकडं जाऊच दिलं नाही. आधी हातपाय धुवायला पाणी दिलं, मग ओसरीवर बसवलं आणि ताट मांडलं. भाकरी, झणझणीत रस्सा आणि मासवडी. नावात मासा असला तरी त्यात मासा नसतो. शिजवलेल्या बेसनाच्या पोळीत तीळखोबऱ्याचं सारण भरून गुंडाळायचं आणि वड्या कापायच्या. सकाळपासून खपल्याशिवाय होत नाही ते.

"तुजा भाऊ पैल्यांदा आला तवाबी हेच केलं व्हतं," आक्का म्हणाल्या. "तवा हितं खोल्या न्हवत्या. समदं रान. आमच्या मालकांची रीत व्हती, जेवायला बसायच्या आधी दारात जायाचं आन रस्त्याला दोन्ही अंगानं बघायचं. कुनी उपाशी दिसतोय का. मगच ताटाला हात. त्या दिशी देवळाच्या पारावर तुजा भाऊ बसल्याला. आनला हाताला धरून. म्हनला, कंपनीत काम बघाया आलो, राहायला जागा न्हाई. गोठ्यात खाट टाकून दिली. दोन वरसं व्हता गोठ्यात."

"मग खोली कधी घेतली?"

"जमिनी गेल्या, खोल्या बांधल्या. तवापासून पाव्हना संपला बघ आन भाडेकरू आला." त्यांनी माझ्या ताटात अजून एक वडी वाढली. "मालक गेल्यापासून दारात जाऊन कुनी बघत न्हाई. म्याबी न्हाई. बघितलं तर हजार मान्सं दिसत्यात. किती जनांना बोलवायचं?"

मी हात धुतले.

मग त्या मला खोलीकडं घेऊन गेल्या. सातवी खोली. मी कुलपाची किल्ली काढायला पर्समध्ये हात घातला आणि दार आतून उघडलं. सोमाय उभा होता. त्याच्या मागं एक सावळी, बारीक अंगाची, पोट दिसणारी बाई, तिचं नाव फूलमणी. मी चक्रावून रफीकभाईंकडं पाहिलं.

"तुम्हाला फोनवर कसं सांगावं कळेना," ते हळूच म्हणाले.

आठ महिन्यांपूर्वी कंत्राटदाराची पत्र्याची वसाहत उठली, तेव्हा हे नवराबायको सामान घेऊन चाकणच्या मजुरांच्या नाक्यावर बसले होते. दिनकरनं त्यांना "दो दिन रह लो" म्हणून खोलीवर आणलं. दोन दिवसांचे आठ महिने झाले. आतली जागा त्यांना दिली आणि स्वतः तो दाराबाहेरच्या चिंचोळ्या पडवीत सतरंजी टाकून झोपायचा. मला हे काहीच माहीत नव्हतं. दर रविवारी फोनवर तो म्हणायचा, "मजेत आहे ताई, घरचं जेवण मिळतंय."

मी आत पाऊल टाकलं. कोणी काही बोलायच्या आत फूलमणीनं पितळी लोटा पाण्यानं भरला, दोन्ही हातांनी माझ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि सातवा महिना असूनही कमरेत वाकली. म्हणाली, "जोहार." त्यांच्याकडचा हा नमस्कार. मी गोंधळून लोटा उचलून पाणी प्यायला लागणार, तर सोमाय म्हणाला, "दीदी, ये पहले पैर धोने का है."

झारखंडच्या संथाळ आदिवासींची ही रीत. त्यानंच मला हिंदीत समजावून सांगितली. पाहुणा आला की बाकी काही बोलायच्या आधी त्याच्यापुढं पाण्याचा लोटा ठेवायचा. लोटा ठेवला म्हणजे तुम्हाला घरात घेतलं. कितीही गोड बोललं, जेवू घातलं, आणि लोटा ठेवला नाही, तर त्याला स्वागत म्हणत नाहीत. गरिबाकडं दुसरं काही नसलं तरी पाणी असतंच, म्हणून कोणाला सबब सांगता येत नाही.

ही खोली माझ्या भावाची. हक्कानं बघितलं तर मी घरची आणि ते पाहुणे. पण त्या वेळी मी पाहुणी होते आणि ते घरचे.

मी सोमायसमोरही हात जोडले. आमच्या गावी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही, म्हणाले. तो इतका संकोचला की मागं सरकून भिंतीला टेकला. "नहीं दीदी. आपके घर में दुख था." मग जणू चूक त्याचीच असावी असं म्हणाला, "हमने माँगा भी तो नहीं था."

दोरीवर दिनकरचा निळा युनिफॉर्म वाळत घातलेला होता. फूलमणी दर आठ दिवसांनी तो धुऊन टाकायची. मालक नाही म्हणून कपड्याला वास येऊ नये, एवढंच तिचं म्हणणं.

तिसरा प्रहर होता. आक्कांचा मुलगा संतोष आला. चाळिशीचा, बोलायला मऊ. मला त्यानं ओसरीवर बोलावून चहा दिला आणि मग विषय काढला.

"ताई, दिनकरकाका आमच्या घरचेच होते. पण हे दोघं त्यांच्या करारात नाहीत. काकांनी शब्द दिला म्हणून मी गप्प बसलो. आता शब्द कुणाचा?"

"आधार कार्ड आहे त्यांचं," रफीकभाई म्हणाले.

"कार्ड आहे हो. पण पोलिसांकडं माहिती द्यायची तर फॉर्मवर ओळखणारा माणूस लागतो. मागं एक भाडेकरू काहीतरी करून पळाला, मला आठ दिवस ठाण्यात चकरा मारायला लागल्या. कंत्राटदार हात वर करतो."

"माझं नाव लिहा."

संतोषनं मान खाली घातली. "रफीकभाई, राग मानू नका. तुमचं नाव टाकलं तर गावात अजून चार लोक बोलतील. मला कसलं काही नाही, पण राहायचं मला इथंच आहे." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, तुम्ही सरकारी शिक्षिका होतात. तुम्ही ओळख म्हणून सही करा, खोली तुमच्या नावानं पुढं चालू ठेवा, बाळंतपण होईपर्यंत मी एक शब्द काढणार नाही. नाहीतर रविवारपर्यंत मला खोली मोकळी पाहिजे."

एका सहीचा प्रश्न. मी चौतीस वर्षं रोज हजेरीपटावर सह्या केल्या. पण माझ्या तोंडातून निघालं, "घरी एकदा विचारते."

मी अंगणात जाऊन दादाला फोन लावला. तो म्हणाला, "वेडी आहेस का? उद्या काही झालं तर पोलीस तुझ्या दारात येतील. दिनूनं केलं ते केलं. तू अनोळखी माणसांच्या भानगडीत पडू नको. सामान उचल आणि ये." मला तेव्हाही वाटत होतं की दादाचं ऐकायचं नाही. पण दादाला नाही म्हणायलाही वेळ लागतो. परत येऊन संतोषला म्हणाले, "उद्या सांगते."

अंगणातल्या नळावर फूलमणी कळशी भरत होती. आठ महिन्यांत तिला मराठी कळायला लागली असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कळशी भरून वाहत होती तरी ती नळ बंद करत नव्हती, एवढं मात्र मी पाहिलं.

त्या रात्री मी आक्कांकडं राहिले.

आळंदी

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का म्हणाल्या, "चल, भावाच्या नावानं इंद्रायणीला दिवा सोडून येऊ." फूलमणी दारात होती. मी तिला म्हटलं, "दुपारी येते." ती म्हणाली, "भात बना के रखूँगी." सोमायची पहिली शिफ्ट होती, तो निघून गेला असेल असं मी धरून चालले.

घाटावर गर्दी होती. नदीवर पांढरा फेस तरंगत होता, साबणासारखा. कंपन्यांचं पाणी, आक्का म्हणाल्या. द्रोणातला दिवा फेसात थोडा गेला आणि विझला. आक्कांनी मनावर घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

परतताना एका गल्लीत कीर्तन शिकणारे विद्यार्थी माधुकरी मागत चालले होते. पांढरी धोतरं, गळ्यात तुळशीची माळ, काखेत झोळी. दाराशी उभं राहायचं, हाक द्यायची, मिळेल ते घ्यायचं, नाही मिळालं तर बोल न लावता पुढं जायचं. एका दारातून बाई धावत आली. तिच्या हाताला पीठ होतं. "थांबा रे बाबांनो, तव्यावरची उतरतीय," असं म्हणून ती परत आत पळाली. विद्यार्थी थांबले. ती गरम भाकरी दोन हातांत उडवत, भाजू नये म्हणून फुंकत बाहेर आली. ते कोण, कुठल्या गावचे, कुणाचे, एकही प्रश्न तिनं विचारला नाही. ते निघून जाऊ नयेत, एवढीच तिला घाई होती.

मी रस्त्यातच थांबले. "आक्का, मी सही करते."

"काल करायची व्हतीस," आक्का म्हणाल्या. रागानं नाही. पण त्यांनी पावलं उचलली. पंचाहत्तरीच्या बाईच्या मागं मला जवळजवळ पळावं लागलं. रिक्षा मिळवली, वाटेतच मी संतोषला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं ताई. मलाही रात्री झोप लागली नाही."

सातवी खोली

दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले तर खोली धुऊन पुसून स्वच्छ केलेली. दिनकरचे कपडे घड्या करून ट्रंकेवर. त्याची हत्यारं तेलाच्या फडक्यानं पुसून एका ओळीत. चष्मा, घड्याळ, आईचा फोटो एका पिशवीत. त्यांचं स्वतःचं काहीच नव्हतं. ना गाठोडं, ना चादर, ना चपला. कोपऱ्यात पातेल्यावर ताट झाकून ठेवलेलं.

शेजारच्या खोलीतल्या बाईनं सांगितलं, "सोमाय आज कामावर गेलाच नाही. तुम्ही निघालात आणि तासाभरात दोघं निघाले. तिनं आधी सगळं रांधलं. मी म्हटलं, अशा पोटानं कुठं जाता? तर तो म्हणाला, दीदी को नहीं बोलने में तकलीफ हो रही है."

मी त्यांना 'नाही' म्हटलं नव्हतं. पण 'नाही' म्हणण्याचं दुःख मला होईल, ते होऊ नये, म्हणून ते निघून गेले. पाहुणीला अडचण नको. त्यांच्या लेखी मी शेवटपर्यंत त्यांच्या घरी आलेली पाहुणी होते.

रफीकभाईंना फोन केला. ते गॅरेज तसंच सोडून पुणे स्टेशनला धावले. मी सोमायचा नंबर लावत राहिले, बंद. संतोष मोटरसायकल काढून चाकणच्या नाक्यावर, बस थांब्यावर, कंत्राटदाराच्या ऑफिसात फिरून आला. दर थोड्या वेळानं रफीकभाईंचा फोन यायचा. "वेटिंग हॉल बघितला, नाही." "फलाट बघतोय." मग बराच वेळ काही नाही. ऊन उतरल्यावर शेवटचा फोन आला. "ताई, त्यांच्याकडं जाणारी हावड्याची गाडी गेली. जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी खिडकीखिडकीतून हाका मारत गेलो. माहीत नाही, त्यात होते की नव्हते." त्यांचा आवाज बसला होता.

झारखंडमधल्या त्यांच्या दुमका जिल्ह्यापर्यंत दोन रात्रींचा प्रवास. सातवा महिना. जनरलचा डबा.

गावी परतल्यापासून मी त्या नंबरवर रोज फोन करते. रफीकभाईंनी झारखंडच्या माणसांकडं निरोप ठेवलेत. सोमायच्या गावाचं नाव कुणालाच नीट माहीत नाही. फॉर्मवर लिहायचं असतं तर विचारलं असतं.

त्या दिवशी मात्र मी खोलीतच जमिनीवर बसून होते. संध्याकाळी शिफ्ट सुटली, बाहेर माणसांचे आवाज वाढले, नळावर भांडी वाजायला लागली. आक्का आल्या आणि उंबऱ्यावर टेकल्या.

"जेवलीस का?"

"नाही."

"तिनं तुज्यासाटी केलंय ना? मग जेव. टाकू नगंस."

मी ताट काढलं. पातेलंभर भात, चवळईची भाजी, बटाट्याचं भरीत, त्यावर कच्च्या मोहरीचं तेल. सगळं गार झालेलं. मी एका ताटलीत वाढून घेतलं. भात नुसता कालवत बसले.

आक्का बघत होत्या. मग पदर खोचून आत आल्या आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

"मलाबी वाढ," त्या म्हणाल्या. "चौदा खोल्या बांधल्या. किती मान्सं राहून गेली. एकाबी खोलीत मी आजपातुर जेवले न्हाई."

मी त्यांना वाढलं. मी किती जेवते हे फूलमणीला माहीत नव्हतं. पाहुणीला कमी पडू नये म्हणून तिनं चौघांचा भात रांधला होता. आम्ही दोघी जेवत राहिलो. तरीही भात उरला.